सामाईक दुकानाच्या भाड्याचा हिशेब मागणारं पत्र: काय लिहायचं, काय टाळायचं

वडील गेले, दुकान भाड्याने दिलेलं होतं आणि भाडेकरू पहिल्यापासून थोरल्या भावाच्या हातात भाडं देत आला. काही वर्षांनी बहीण किंवा धाकटा भाऊ विचारतो, ‘दुकानाचं काय चाललंय?’ उत्तर तोंडी येतं: ‘दुरुस्तीत सगळं गेलं.’ इथून पुढची पायरी म्हणजे पत्र. हे पत्र आज घरात वाचलं जातं आणि उद्या न्यायालयात पुरावा म्हणूनही वाचलं जाऊ शकतं. म्हणून ते लिहिताना दोन्ही वाचक डोळ्यांसमोर हवेत.

समजायला सोपं जावं म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत धरू. साताऱ्यातल्या बाजारपेठेत वडिलांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेलं एक दुकान. मृत्युपत्र न करता वडील वारले. मागे आई, दोन मुलगे आणि एक मुलगी. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ प्रमाणे चौघेही पहिल्या वर्गाचे वारस, आणि प्रत्येकाचा हिस्सा सारखा, म्हणजे एक चतुर्थांश. मुलगी विवाहित असल्याने हिस्सा कमी होत नाही. भाडं गोळा करतो थोरला मुलगा, हिशेब मागते मुलगी. (हा कायदा हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांना लागू होतो. मुस्लिम व ख्रिश्चन कुटुंबांत हिस्से वेगळ्या कायद्याने ठरतात, पण पत्राची रचना तीच राहते.)

लिहिण्याआधी काय तपासायचं

सर्वांत आधी आठवा, की तुम्ही हक्कसोडपत्रावर सही केली आहे का. वडील गेल्यानंतरच्या महिन्यांत ‘कागद पूर्ण करायचे आहेत’ म्हणून सह्या घेतल्या जातात आणि काय सही केलं ते पुढे लक्षात राहत नाही. स्थावर मालमत्तेवरचा हक्क सोडायचा असेल तर दस्त नोंदणीकृत लागतो. त्यामुळे दुय्यम निबंधक कार्यालयात जाऊन उपस्थिती दिली असेल, अंगठा आणि फोटो झाला असेल, तर तो दस्त आधी मिळवा. तलाठ्याकडे किंवा नगरपालिकेत दिलेलं साधं संमतीपत्र म्हणजे हक्कसोडपत्र नव्हे.

दुसरा कागद म्हणजे नगर भूमापन कार्यालयातलं मालमत्ता पत्रक. त्यावर चौघांची वारसनोंद असेल तर काम सोपं होतं. फक्त भावाचं नाव असेल तरी घाबरू नका. नगरपालिकेची कर आकारणी असो वा फेरफार, अशा नोंदी प्रामुख्याने महसूल आणि करवसुलीसाठी असतात. नोंदीने मालकी जन्माला येत नाही आणि संपतही नाही. पण नोंद एकट्याच्या नावावर असेल तर पत्रासोबत तुमच्या हक्काचा आधार थोडक्यात लिहावा लागेल: वडिलांचं खरेदीखत, मृत्यूची तारीख, वारस कोण.

तिसरा कागद बहुतेक लोक शोधतच नाहीत, आणि तो सर्वांत उपयोगी ठरतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाडेकरार किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर असते. करार नोंदवलेला असेल तर नोंदणी विभागाकडे शोध घेऊन त्याची सूची क्रमांक २ मिळवता येते. तिच्यात कराराची तारीख, पक्षकार आणि रक्कम दिसते. मग पत्रात ‘बहुधा वीस हजार भाडं असावं’ असं मोघम लिहावं लागत नाही. करारात मालक म्हणून फक्त भावाचं नाव असलं तरी तो एकटा मालक ठरत नाही. त्याने सर्वांच्या वतीने भाड्याने दिलं असंच बहुतेक वेळा धरलं जातं.

एक मर्यादा इथेच सांगायला हवी. दुकानात भाऊ स्वतःच धंदा करत असेल, तर हे पत्र चालणार नाही. तिऱ्हाइताकडून आलेलं भाडं सहमालकाने आपल्या हिश्श्यापेक्षा जास्त घेतलं तर त्याचा हिशेब द्यावा लागतो. भारतीय न्यास कायदा, १८८२ चं कलम ९० सहमालकाने आपल्या स्थानाचा फायदा घेऊन मिळवलेला लाभ इतरांसाठीही धरायला लावतं. मात्र सहमालक स्वतः जागा वापरतो, एवढ्यावरून तो इतरांना भाडं देणं लागतो असं आपोआप होत नाही. इतरांना वापरापासून रोखलं हे तिथे दाखवावं लागतं, आणि त्यासाठीचं पत्र वेगळं असतं. दुकानात धंदा त्याचा, पण पोटमाळा गोदाम म्हणून दुसऱ्याला दिलेला, असं मिश्र चित्र असेल तर या पत्रात फक्त पोटमाळ्याचं भाडं मागा.

तीन वर्षांची मुदत

हिशेब वीस वर्षांचा मागता येतो, पण पैसे वसूल होतील ते साधारणपणे मागच्या तीन वर्षांचे. मुदत कायदा, १९६३ मध्ये दुसऱ्याने स्वीकारलेल्या आपल्या पैशांसाठी आणि स्थावर मालमत्तेच्या गैरपणे घेतलेल्या उत्पन्नासाठी तीन वर्षांची मुदत आहे, आणि ती पैसे घेतल्याच्या तारखेपासून मोजली जाते. म्हणजे प्रत्येक महिन्याच्या भाड्याची मुदत स्वतंत्र चालते. आपल्या उदाहरणात भाडं दर महिन्याच्या पाच तारखेला मिळतं. ५ एप्रिल २०२३ ला मिळालेलं भाडं ५ एप्रिल २०२६ नंतर हाताबाहेर जाण्याचा धोका आहे, मग पुढच्या पाच तारखेला मेचं. भाडं वीस हजार आणि हिस्सा पाव असेल, तर दर महिन्याच्या दिरंगाईची किंमत सुमारे पाच हजार रुपये.

पत्र पाठवल्याने मुदत थांबते असा समज सार्वत्रिक आहे, आणि तो चुकीचा आहे. मुदत नव्याने सुरू होते ती समोरच्याने देणं मान्य करून सही केल्यावर, तेही जुनी मुदत संपण्याआधी. म्हणून पत्राचा खरा हेतू असा ठेवा, की भावाकडून सही केलेला हिशेब कागदावर यावा. त्याने ‘इतकं भाडं आलं, ताईचा हिस्सा इतका निघतो, सध्या देता येत नाही’ एवढं लिहून सही केली, तरी तुमचं मोठं काम झालं. व्हॉट्सॲपवरचं ‘देतो गं नंतर’ जपून ठेवा, फोन विकू नका, पण भरवसा सहीवर ठेवा.

कोणते शब्द महागात पडतात

भावाला ‘एकत्र कुटुंबाचे कर्ते’ म्हणू नका. आदर म्हणून लिहिलेला हा शब्द तुमच्यावर उलटतो. एकत्र हिंदू कुटुंबाच्या कर्त्याकडून मागच्या व्यवहारांचा हिशेब सहसा मागता येत नाही. अफरातफर दाखवली तरच तो प्रश्न येतो. वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतीचे वारस मात्र आपापल्या ठराविक हिश्श्याचे सहमालक असतात आणि एकमेकांना हिशेब मागू शकतात. तेव्हा शब्द ‘सहमालक’ हाच.

‘तुम्ही २०१२ पासूनच माझा हक्क नाकारला आहे, मला दुकानात पाऊल ठेवू दिलेलं नाही’ असं रागाच्या भरात लिहू नका, जर ते तंतोतंत खरं नसेल. एका सहमालकाचा ताबा हा सर्वांचा ताबा मानला जातो. पण उघडपणे हक्क नाकारून बाहेर ठेवल्याला बारा वर्षं उलटली, तर समोरचा प्रतिकूल ताब्याचा दावा उभा करू शकतो, आणि त्या बारा वर्षांची सुरुवात तुम्हीच लिहून दिलेली असते. ‘दुकान तुमचंच आहे, पण मलाही थोडं द्या’ हे वाक्य तर लिहूच नका.

आकडा नक्की माहीत नसेल तर तोही ठोस मागू नका. कमी आकडा लिहिला की पुढे तोच तुमच्या तोंडचा ठरतो. जास्त लिहिला की सगळ्या पत्रावरचा विश्वास जातो. ‘माझ्या माहितीप्रमाणे, पूर्ण हिशेब मिळेपर्यंत’ हे शब्द पुरतात.

पत्राचा नमुना

घरात ‘दादा, तू’ म्हणत असाल तरी पत्रात ‘तुम्ही’ ठेवा. हे पत्र उद्या वकील, मध्यस्थ, न्यायाधीश वाचतील. मायना मात्र घरचाच असू द्या. पहिल्याच पत्राला नोटिशीचा सूर लावला की समोरचा हिशेबाऐवजी अपमानाला उत्तर देतो.

> दिनांक १० मार्च २०२६
>
> ती. दादांस,
> सा. न. वि. वि.
>
> विषय: सि.स.नं. ____, ____ पेठ, सातारा येथील आपल्या सामाईक दुकानाच्या भाड्याचा हिशेब व माझा हिस्सा.
>
> वरील दुकान आपल्या वडिलांनी दिनांक ____ च्या खरेदीखताने घेतले होते. ते दिनांक ____ रोजी मृत्युपत्र न करता वारले. त्यांच्यामागे आई, तुम्ही, धाकटा भाऊ आणि मी असे आपण चौघे वारस असून आपण दुकानाचे समान हिश्श्याने सहमालक आहोत. माझा हिस्सा एक चतुर्थांश आहे. तो मी कधीही सोडलेला नाही.
>
> दुकान भाड्याने असून सर्व सहमालकांच्या वतीने भाडे तुम्ही स्वीकारत आला आहात. माझ्या माहितीप्रमाणे एप्रिल २०२३ मध्ये भाडे दरमहा रु. २०,००० होते व त्यात दरवर्षी वाढ होत आहे.
>
> कृपया १ एप्रिल २०२३ ते ३१ मार्च २०२६ या काळाचा पुढील हिशेब तुमच्या सहीने द्यावा:
>
> १. दरमहा मिळालेले भाडे, तारखेसह, बँकेतून व रोख असे वेगळे. तसेच पोटमाळा, दुकानापुढील जागा, फलक इत्यादींपासूनचे उत्पन्न.
> २. भाडेकरूकडून घेतलेली अनामत रक्कम व ती कोठे ठेवली आहे.
> ३. मालमत्ता कर, दुरुस्ती व इतर खर्च, पावत्यांच्या प्रतींसह.
> ४. कोणत्याही सहमालकास आजवर दिलेल्या रकमा.
>
> सोबत चालू भाडेकराराची प्रत द्यावी. दुकानासाठी झालेला योग्य खर्च वजा करण्यास माझी हरकत नाही. मला मिळालेले रु. ३०,००० (बँक तारखा ____ व ____) माझ्या हिश्श्यातून वजा धरावेत.
>
> हा हिशेब ३० मार्च २०२६ पर्यंत मिळावा व निघेल ती बाकी पुढील पंधरा दिवसांत माझ्या खात्यात जमा करावी. यापुढे माझा हिस्सा दरमहा दहा तारखेपर्यंत जमा व्हावा. कागद घेऊन समोरासमोर बसायचे असल्यास मी येईन.
>
> याआधीच्या काळाच्या हिशेबाचा व दुकानासंबंधीचा माझा कोणताही हक्क या पत्राने मी सोडत नाही.
>
> तुमची,
> (सही, नाव, पत्ता, फोन)
>
> प्रत: आई, धाकटा भाऊ

प्रत आई आणि धाकट्या भावाला देण्यामागे कारण आहे. आईचा पाव हिस्सा थोरल्याकडेच जमा आहे असं घरात धरून चालतात. तसं नाही, आईचा हिस्सा आईचा. तुम्ही फक्त तुमचा मागा, पण तिचा हिस्सा हिशेबात स्वतंत्र ओळीत दिसू द्या. पुढे दावा झाला तरी सर्व सहमालक त्यात पक्षकार लागतातच.

हिशेब कसा मांडायचा

दादांनी हिशेब दिला, असं समजू. भाडं आगाऊ मिळत असल्याने मार्चचंही हिशेबात येतं. आकडे असे मांडावेत:

| बाब | रुपये |
|---|---|
| २०२३-२४: २०,००० × १२ | २,४०,००० |
| २०२४-२५: २१,००० × १२ | २,५२,००० |
| २०२५-२६: २२,०५० × १२ | २,६४,६०० |
| एकूण भाडे | ७,५६,६०० |
| मालमत्ता कर, १४,००० × ३ | ४२,००० |
| शटर व गळतीची दुरुस्ती | ३६,००० |
| दलाली व करार नोंदणी | १२,६०० |
| एकूण खर्च | ९०,६०० |
| निव्वळ | ६,६६,००० |
| एक चतुर्थांश | १,६६,५०० |
| आधी मिळालेले | ३०,००० |
| बाकी | १,३६,५०० |

भांडण होतं ते खर्चाच्या ओळींवर. दुकान टिकवण्यासाठी आणि भाड्यावर ठेवण्यासाठी केलेला खर्च वजा होतो: कर, गळती, शटर, विमा, भाडेकरू न निघाल्यास वकिलाची फी. ‘मी इतकी वर्षं धावपळ केली, त्याचा मोबदला’ ही ओळ आली, तर तसं आधी ठरलेलं होतं का ते विचारा. न ठरवता सहमालकाला व्यवस्थापनाचा पगार सहसा मिळत नाही. तरीही तडजोडीत थोडी रक्कम मान्य करणं शहाणपणाचं असतं. पाच टक्के धरले तरी ३७,८३० रुपये होतात आणि तुमच्या वाट्याला त्यातले ९,४५७ रुपये पडतात. दावा लढण्याच्या खर्चापुढे ही रक्कम लहान आहे.

पावती नसलेली मोठी दुरुस्ती हा खरा तिढा. गवंड्याला रोख पैसे दिले जातात, हेही खरं. अशा वेळी काम कधी झालं, कोणी केलं, काय बदललं एवढं विचारा आणि दुकान जाऊन पाहा. नवा स्लॅब डोळ्यांना दिसतो. दर वर्षी तंतोतंत तीस हजारांची ‘किरकोळ दुरुस्ती’ दिसत नाही. खर्च गोल आकड्यांत आणि भाड्याच्या जवळपास बरोबरीला येत असेल, तर तो हिशेब मागाहून बसवलेला असण्याची शक्यता मोठी.

अनामत रक्कम भाडं नव्हे. भाडेकरूने एक लाख अनामत दिली असेल तर त्यातले पंचवीस हजार मागू नका. ती परत द्यायची आहे, आणि ती खर्च झाली तर भाडेकरू जाताना सगळ्यांच्या दाराशी येऊ शकतो. ती कोणाकडे, कोणत्या खात्यात आहे याची लेखी नोंद मात्र घ्या.

भाऊबीजेची ओवाळणी, मुलाच्या मुंजीतला आहेर हे हिस्सा म्हणून वजा धरायला सांगितलं जातं. देताना तसं म्हटलं नसेल तर ती भेट आहे. उलट, ‘दुकानाचे’ म्हणून खात्यात आलेले पैसे स्वतःहून वजा दाखवा. वरच्या पत्रात तीस हजारांची ओळ म्हणूनच आहे. समोरच्याने बँकेचा उतारा काढून दाखवण्याआधी तुम्ही ते लिहिलेलं असावं.

‘सगळ्या भाड्यावर आयकर मीच भरला’ असंही उत्तर येतं. सहमालकांचे हिस्से निश्चित असतील तर भाड्याचं उत्पन्न प्रत्येकाच्या नावे त्याच्या हिश्श्यापुरतं धरलं जातं. तेव्हा तुमच्या पाव हिश्श्यावर प्रत्यक्ष किती कर पडला ते विवरणपत्रावरून दाखवायला सांगा, आणि तेवढीच रक्कम चर्चेत घ्या. यापुढे तुमचा हिस्सा तुमच्या विवरणपत्रात दाखवावा लागेल, ही तयारी ठेवा.

पाठवणं आणि भाडेकरू

१ सप्टेंबर २०२५ पासून नोंदणीकृत टपाल सेवा स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली आहे. त्यामुळे खिडकीवर स्पीड पोस्ट नोंदणीसह आणि पोहोचल्याच्या पुराव्यासह मागा. पत्राच्या दोन प्रतींवर सही करा, एक स्वतःकडे. पावती, मागोव्याची छापील नोंद आणि पोच एकत्र टाचून ठेवा. त्याच दिवशी पत्राचा फोटो व्हॉट्सॲपवरही पाठवा, म्हणजे ‘पाकिटात कोरा कागद होता’ असं म्हणायला जागा राहत नाही.

भाडेकरूला ‘दादांना भाडं देऊ नका’ असं सांगायला जाऊ नका. ज्याच्याकडून जागा घेतली त्याला, दुसऱ्याच्या हक्काची सूचना नसताना, प्रामाणिकपणे दिलेलं भाडं मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५० खाली सुरक्षित असतं. मालकांत भांडण आहे कळलं की काही भाडेकरू कोणालाच भाडं देत नाहीत, आणि नुकसान चौघांचं होतं. त्याला एक छोटं पत्र पुरे: आपण एक चतुर्थांश हिश्श्याचे सहमालक आहोत, कराराची आणि भाडेपावत्यांची प्रत हवी आहे, आणि पुढचा करार सर्व सहमालकांच्या सहीने व्हावा. रोखीत वर काही दिलं जातं का, हे त्याच्याकडच्या पावत्यांवरूनच उलगडतं.

उत्तर आल्यावर किंवा न आल्यावर

काही रक्कम हातावर ठेवली गेली तर घ्या, पण पावतीवर ‘हिशेब पूर्ण होईपर्यंत उचल म्हणून’ असं लिहा. ‘सर्व हिशेब मिटला’ असं छापलेल्या कागदावर आकडे पाहिल्याशिवाय सही करू नका. तडजोड झाली, तर मागची बाकी किती हप्त्यांत आणि पुढचा हिस्सा कोणत्या तारखेला, हे एकाच कागदावर चौघांच्या सह्यांनी लिहा. सर्वांत टिकाऊ उपाय म्हणजे पुढच्या करारात चारही मालकांची नावं, पॅन आणि बँक खाती घालणं. मग भाडेकरूच प्रत्येकाचा हिस्सा थेट पाठवतो आणि मधला हात उरत नाही.

तीस मार्च उलटून गेली आणि काहीच आलं नाही, तर दुसरं पत्र वकिलामार्फत जाऊ द्या. त्यात व्याजाची मागणी स्पष्ट असावी, कारण व्याज कायदा, १९७८ प्रमाणे लेखी करार नसलेल्या देण्यावर, व्याज मागणार असल्याची लेखी सूचना दिल्यापासूनच्या काळाचं व्याज न्यायालय देऊ शकतं. त्याच वेळी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दावापूर्व तडजोडीचा अर्जही करता येतो. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न घालता मोफत विधी सहाय्य मिळतं, आणि लोक अदालतीत झालेल्या तडजोडीला हुकूमनाम्याचं बळ असतं.

त्यानेही न भागलं तर वाटप आणि हिशेबाचा एकत्र दावा हा नेहमीचा मार्ग. फक्त हिशेबाचा दावा जिंकला तरी पुढच्या वर्षी तोच प्रश्न उभा राहतो. दाव्यासोबतच भाडं न्यायालयात भरण्याचा आदेश किंवा प्रापक, म्हणजे दावा चालू असताना न्यायालयाच्या वतीने मिळकत सांभाळणारा माणूस, नेमण्याचा अर्ज द्या, कारण दावा वर्षानुवर्षं चालतो आणि तोवर भाडं एकाच खात्यात जात राहतं. मार्चमध्ये पाठवलेलं पत्र, त्याची पोच आणि आलेलं उत्तर हे तीन कागद त्या अर्जाला जोडायचे असतात.